दगडाची धूळ आणि दोन बादल्या पाणी

आपला परंडा तालुका काळ्या पाषाणाचा. गावचा भुईकोट किल्ला पाहा. त्याचे तट, बुरूज, दरवाजे सारे याच काळ्या दगडाचे. त्या वेळी दगड फोडायला छिन्नी, हातोडा आणि पहार एवढीच हत्यारे होती. पाथरवट एका जागी बसून दिवसभरात जेवढा दगड घडवी, तेवढा आज खडी क्रशरच्या तोंडात एका क्षणात जातो. रस्त्याला खडी लागते, घराच्या स्लॅबला खडी लागते, वाळू मिळेनाशी झाली तशी दगडाची कचही लागते. म्हणून खाणी आल्या, क्रशर आले. त्यांच्याबरोबर धूळही आली.

ही धूळ कोठून उठते, ती कशी दाबावी, पाणी किती लागते आणि तोंडावर काय बांधावे, ते या धड्यात पाहू. तुमच्यापैकी कोणी खाणीवर जात असेल, कोणाचा मुलगा क्रशरवर असेल, कोणाचे शेत क्रशरला लागून असेल. त्या सर्वांसाठी आम्ही हा धडा लिहिला आहे.

१. दिसते ती धूळ आणि दिसत नाही ती धूळ

दगड फुटला की त्याचे लहानमोठे कण होतात. जाड कण लगेच खाली पडतात. ते डोळ्यांत जातात, नाकात जातात, शिंक येते. पण नाकातले केस आणि घशातला चिकट ओलावा त्यांना अडवतो. खाकरले की ते बाहेर पडतात.

खरी भीती बारीक कणांची आहे. माणसाचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे पस्तीस भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा कण असतो. तो एकटा डोळ्यांना दिसत नाही. जाड कण काही सेकंदांत जमिनीवर येतो. हा बारीक कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून खाली यायला तासभर घेतो, तोही वारा अगदी पडलेला असेल तर. म्हणजे मशीन बंद झाली, धुरळा बसला असे वाटले, तरी हवेत ही बारीक धूळ तरंगतच असते. जेवणाच्या सुट्टीत मशीनशेजारीच भाकरी सोडून बसणारा माणूस ती श्वासाबरोबर आत घेत असतो.

ही धूळ फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाते. तिथे खाकरून काढायला काही साधन नसते. दगडात सिलिका नावाचे द्रव्य मोकळे असेल, तर त्याचे कण फुप्फुसात जखमा करतात. जखम भरते, पण तिथे वण राहतो. वणाची जागा ताठ होते, भात्यासारखी फुगत नाही. असे वण वाढत गेले की माणसाला चढण चढताना धाप लागते. पुढे घरातल्या घरात चालतानाही लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेला वण कोणत्याही औषधाने जात नाही. काम सोडले तरी रोग पुढे सरकू शकतो. म्हणून धूळ आत जाऊच न देणे हाच यावरचा उपाय.

२. आपला दगड आणि दुसरीकडचा दगड

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सगळे दगड सारखे नसतात.

आपला काळा पाषाण लाव्हारस थिजून झालेला आहे. शास्त्रात त्याला बसाल्ट म्हणतात. त्यात सिलिका असते, पण ती दुसऱ्या द्रव्यांशी बांधलेली असते. मोकळी सिलिका त्यात थोडीच. म्हणून सिलिकोसिसचे भय या दगडात इतर काही दगडांपेक्षा कमी. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. खाणीत दगड फोडताना मध्येच पोकळ्या लागतात, त्यांत पांढरे, चकाकणारे खडे आणि गारगोट्या असतात, हे खाणीवर काम करणाऱ्यांनी पाहिलेच असेल. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. शिवाय दगड कोणताही असो, वर्षानुवर्षे धूळ खाल्ली की जुनाट खोकला जडतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढतो.

दुसरे असे, की आपली माणसे एका जागी राहत नाहीत. ऊसतोडीला जशी जातात, तशी दगडाच्या कामालाही जातात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींवर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे गेली. त्यांच्या मुलांसाठी तेथे संतुलन या संस्थेने १९९७ साली पाषाण शाळा सुरू केल्या. वाघोलीचा दगड आपल्यासारखाच काळा आहे. पण कोणी नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे गेला, तेलंगणात किंवा कर्नाटकात गेला, तर तिथे ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटमध्ये मोकळी सिलिका पुष्कळ. जी सवय इथे खोकल्यावर भागली, ती तिथे जिवावर बेतू शकते.

गुजरातेत गोध्र्याजवळ गारगोटीची पूड करणारे कारखाने होते. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी तेथे मजुरीला जात. धुळीने भरलेल्या त्या कारखान्यांत काम करून घरी परतलेली तरुण माणसे धापा टाकीत मेली. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेले. मरण पावलेल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, असे आयोगाने २०१० साली सांगितले. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पैसे देण्याचा हुकूम केला. पैसे मिळाले तरी गेलेली माणसे परत आली नाहीत.

३. धूळ कोठे कोठे उठते

क्रशरवर दगडाचा प्रवास कसा होतो ते आठवा. खाणीत भोक पाडतात, सुरुंग उडवतात, डंपर दगड भरून आणतो. डंपर हॉपरमध्ये दगड ओततो. तिथून दगड जबड्यात जातो. जबडा तो दाबून फोडतो. मग पट्ट्यावरून माल पुढे जातो, दुसऱ्या मशीनमध्ये आणखी बारीक होतो, हलत्या जाळीवर चाळला जातो. शेवटी खडीचा, ग्रिटचा आणि कचेचा असे वेगवेगळे ढीग पडतात.

या सगळ्यात धूळ दोन कारणांनी उठते. एक, दगड फुटतो तेव्हा. दुसरे, माल उंचावरून पडतो तेव्हा. दुसरे कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. पट्ट्याच्या टोकावरून खडी खाली पडते, तेव्हा ती आपल्याबरोबर हवा ओढून आणते. खाली आदळल्यावर ती हवा चारी बाजूंना फाकते आणि बारीक धूळ घेऊन बाहेर पडते. सुपातून धान्य उंचावरून उफणताना फोलपट उडते, तसेच हे. म्हणून माल जितका उंचावरून पडेल तितकी धूळ अधिक. पट्ट्याचे टोक ढिगाच्या जवळ आणले, किंवा त्याला खालपर्यंत नळकांडे लावले, तर एक थेंब पाणी न वापरता धूळ कमी होते.

भोक पाडण्याचे काम तर फारच वाईट, कारण जॅकहॅमर धरणाऱ्याचे तोंड त्या भोकाच्या वरच असते. अमेरिकेत हॉक्स नेस्ट या ठिकाणी १९३० साली एका बोगद्याचे काम सुरू झाले. सिलिकाने भरलेल्या दगडात कोरडीच भोके पाडली. शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले, कित्येक तर एकदोन वर्षांतच. यावर उपाय फार सोपा आहे. पोकळ ड्रिलमधून पाणी थेट भोकाच्या तळाशी सोडायचे. मग धूळ उडत नाही, चिखल होऊन वाहते. पाणी भोकाच्या तळाशी गेले पाहिजे. वरून तोंडाशी मग ओतल्याने ते काम होत नाही.

४. पाणी कोठे मारावे

पाणी मारण्याचे दोन प्रकार आहेत. धूळ उडाल्यावर तिच्यावर फवारा मारून ती खाली पाडणे हा एक. धूळ उडण्याआधीच दगड भिजवणे हा दुसरा. यांतला दुसरा प्रकार पुष्कळ अधिक कामाचा.

याचे कारण असे. हवेतल्या बारीक कणाला पकडायचे तर पाण्याचा थेंबही तसाच अगदी बारीक लागतो. थेंब मोठा असला तर त्याच्याभोवती हवा वळसा घेते आणि कण त्या हवेबरोबर निसटून जातो. वाहत्या पाण्यात दगड असला की पाण्यावरची काडी दगडाला न लागता बाजूने निघून जाते, तशी गत. बरे, थेंब धुक्यासारखा बारीक केला तर तो उघड्या माळावर वाऱ्याने उडून जातो. म्हणून बारीक धुक्याचा फवारा झाकलेल्या जागेतच शोभतो.

पण दगडाचा पृष्ठभाग आधीच ओला असेल, तर फुटताना आणि पडताना होणारी धूळ त्या ओलाव्यालाच चिकटते. ती उडतच नाही. यासाठी थेंब थोडे जाडच हवेत. म्हणून पाण्याच्या तोट्या तीन ठिकाणी लावाव्यात. पहिली जागा हॉपरची, डंपर दगड ओततो तेथे. दुसरी जबड्याची, वरच्या तोंडाशी आणि खाली माल पडतो तेथे. तिसरी पट्ट्याच्या टोकाची, माल पडण्याच्या आधी. दगड फुटला की आतली कोरडी बाजू उघडी पडते. म्हणून एकदाच पुष्कळ पाणी न मारता, प्रत्येक फोडणीनंतर थोडे थोडे मारावे.

५. पाण्याचा हिशेब

आता पुष्कळ जण म्हणतील, गुरुजी, आपला तालुका दुष्काळी. उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. मग दगडाला पाणी कोठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून आपण हिशेबच मांडू.

दगड भिजवायला सुरुवातीला धरावयाचे माप असे आहे : हजार किलो दगडाला पाच लिटर पाणी. एक ब्रास खडीचे वजन सुमारे साडेचार हजार किलो भरते. म्हणजे एका ब्रासला साडेबावीस लिटर पाणी झाले. साध्या भाषेत, एका ब्रासला दोन बादल्या.

समजा, एका क्रशरवर दिवसाला ६० ब्रास माल निघतो. तर

६० × २२.५ = १,३५० लिटर.

पाच हजार लिटरच्या टँकरचा पाव भाग आणि वर थोडेसे. एवढेच पाणी मशीनला दिवसभर पुरते.

आता रस्त्याचा हिशेब पाहा. खाणीपासून क्रशरपर्यंतचा कच्चा रस्ता २०० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरू. त्याचे क्षेत्रफळ झाले १,००० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी शिंपडले, तर जमिनीवर केवळ एक मिलीमीटरचा थर होतो. तेवढ्यालाही एका वेळेला १,००० लिटर लागतात. आपल्याकडच्या उन्हात ते लवकरच वाळते. दिवसातून पाच वेळा शिंपडले तर ५,००० लिटर झाले.

म्हणजे मशीनपेक्षा रस्ताच जवळजवळ चौपट पाणी पितो! पाणी परवडत नाही म्हणून मशीनचे फवारे बंद ठेवणारा मालक चुकीच्या ठिकाणी काटकसर करतो. काटकसर रस्त्यावर करावी. रस्ता खडी-मुरूम दाबून, वर डांबर किंवा काँक्रीट टाकून पक्का केला, त्यावरची माती वेळोवेळी काढली, तर दोन वेळा शिंपडून भागते. पाच हजारांचे दोन हजार लिटर झाले. तीन हजार लिटर पाणी वाचले. डंपर हळू चालवला आणि वरून ताडपत्री बांधली, तर धूळ आणखी कमी.

हे पाणी पिण्याच्या विहिरीतून घ्यावयाचे नाही. जुन्या खाणीच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, ते यासाठी चांगले. पण ते गढूळ असते. आधी ते एका हौदात निवळू द्यावे. पंपाच्या आधी बारीक जाळीचे गाळणे बसवावे. नाहीतर गाळ तोट्यांत अडकतो आणि दोन दिवसांत फवारे बंद पडतात.

६. जाळी का बुजते?

एका क्रशरवर आम्ही मुकादमाला विचारले, "अण्णा, तोट्या बसवलेल्या दिसतात, मग पाणी का बंद?"

तो म्हणाला, "गुरुजी, पाणी सोडलं की जाळी बुजतीया. कच चिकटून बसती, माल पुढं सरकत न्हाई. मग मशीन बंद करून घण घेऊन जाळी ठोकीत बसावं लागतंय. मालक ओरडतो."

मुकादमाचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी जास्त झाले की बारीक कचेचा चिखल होतो आणि जाळीची भोके भरतात. पट्ट्यालाही चिखल चिकटतो. पण म्हणून सगळेच पाणी बंद करणे हा उपाय नव्हे. पाणी चुकीच्या जागी पडत होते. सगळ्या तोट्या जाळीच्या वरच्या बाजूला लावल्या होत्या, आणि हॉपरवर एकही नव्हती. शिवाय एका तोटीचे तोंड झिजून तिची धार झाली होती. फवारा पसरतो, धार एकाच जागी चिखल करते.

अशा ठिकाणी पुढीलप्रमाणे करावे. पाण्याचा मोठा वाटा हॉपर आणि जबडा यांवर टाकावा. तेथे दगड मोठा असतो, चिखल होत नाही. जाळीवर पाणी अगदी थोडे, किंवा मुळीच नाही. जाळीची धूळ झाकणाने अडवावी, पाण्याने नव्हे. माल नसताना पट्टा मोकळा फिरत असेल तर पाणी बंद करावे. झिजलेल्या तोट्या बदलाव्यात. हजार किलोला पाच लिटर हे माप सुरुवातीचे. ते धरून मग धूळ पाहावी, जाळी पाहावी, आणि पाणी थोडे कमी-जास्त करीत आपल्या मशीनचे माप ठरवावे.

७. झाकण

स्वयंपाकघरात लाल मिरच्या कुटताना बायका खलावर फडके झाकतात. क्रशरलाही तेच करावयाचे आहे.

हॉपरला तीन बाजूंनी पत्रा आणि वर छप्पर करावे. डंपर ओततो ती चौथी बाजू उघडी राहते, तेथे जाड रबराच्या पट्ट्यांचा पडदा सोडावा. हलत्या जाळीभोवती चारी बाजूंनी आणि वरून पत्र्याची खोली करावी. पट्ट्यावर अर्धगोल पत्रा घालावा, आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल पडतो ती जागा पेटीसारखी बंद करावी.

पण नुसता पत्रा ठोकून काम संपत नाही. मघाशी सांगितले, की पडणारा माल हवा ओढून आणतो. ती हवा झाकणात कोंडते आणि जिथे फट सापडेल तिथून धूळ घेऊन पिचकारीसारखी बाहेर पडते. म्हणून जाळीच्या खोलीला एक मोठी नळी जोडून, पंख्याने आतली हवा सतत ओढून घ्यावी लागते. ती हवा कापडी पिशव्यांच्या गाळणीतून जाते, धूळ पिशवीत अडकते, स्वच्छ हवा बाहेर सुटते. पंखा नीट चालला की फटीतून हवा आत जाते, बाहेर येत नाही. पाण्याची फार टंचाई असेल तिथे हाच उपाय खरा, कारण त्याला पाणी लागत नाही. त्याला खर्च मात्र अधिक येतो, आणि पिशव्या फाटल्या की धूळ सरळ बाहेर जाते. म्हणून पिशव्या वरचेवर तपासाव्या लागतात.

हे सर्व मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. धूळ दाबण्याची व कोंडण्याची व्यवस्था, वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता, जमीन झाडणे व भिजवणे, कडेने झाडे, या पाच गोष्टी सरकारी नियमात क्रशरवाल्यांवर बंधनकारक आहेत. मशीनपासून ३ ते १० मीटर अंतरावर हवा मोजली, तर एका घनमीटर हवेत ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ असता कामा नये. हा आकडा म्हणजे किती? एका मोठ्या पेटाऱ्याएवढ्या हवेत बारीक मिठाचे दहाएक दाणे, एवढीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ साली क्रशरसाठी मार्गदर्शिकाही काढली आहे. गावाची तक्रार असेल तर ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्यावी, एक प्रत तहसीलदारांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तक्रारीत नुसते "धूळ फार आहे" असे लिहू नये. कोणत्या तारखेला, किती वाजता, मशीनच्या कोणत्या भागातून धूळ येत होती, फवारे चालू होते की बंद, ते लिहावे.

८. धूळ पकडण्याची बॅटरी

दिसत नाही ती धूळ दाखवण्याची एक युक्ती आहे. दिवस मावळल्यावर, मशीन चालू असताना, एकाने चांगल्या उजेडाची बॅटरी घेऊन उभे राहावे. दुसऱ्याने झोताच्या समोरच्या बाजूला, पण झोत थेट डोळ्यांवर येणार नाही असे थोडे बाजूला उभे राहावे, आणि बॅटरीच्या दिशेने पाहावे. पत्र्याच्या फटीतून कवडसा आला की त्यात कण नाचताना दिसतात, तसे ते या झोतात दिसतील. कोणत्या फटीतून, कोणत्या पट्ट्याच्या टोकावरून धूळ येते, ते नेमके कळते. मात्र फिरत्या पट्ट्याच्या आणि मशीनच्या जवळ जाऊ नये, दुरूनच पाहावे.

क्रशरशेजारी शेत असणाऱ्यांनी ज्वारीच्या पानावरून बोट फिरवून पाहावे. आठवड्याने पुन्हा पाहावे. पानावर थर बसत असेल, तर तीच धूळ घरातल्या हंड्यावर आणि पाळण्यातल्या लेकरावरही बसत आहे.

९. तोंडावर काय बांधावे

आपल्याकडे पुरुष उपरणे गुंडाळतात, बाया पदर नाकावरून घेतात. यामुळे जाड धूळ अडते आणि बरे वाटते. पण कापडाच्या विणीतली भोके बारीक कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. तुरीच्या चाळणीतून पीठ जावे तसा तो कण आरपार जातो. डॉक्टर बांधतात तो निळा पातळ मास्कही या कामाचा नाही. तो गालांजवळ उघडा असतो.

दगडाच्या धुळीसाठी एन-९५ किंवा एफएफपी-२ जातीचा मास्क हवा. विकत घेताना त्यावर आय.एस. ९४७३ हा भारतीय मानकाचा अंक आहे का, ते पाहावे. हे अंक आता तुम्हाला वाचता येतात. त्याचा उपयोग येथे करा.

मास्क घालण्याची रीत अशी. त्याला दोन पट्टे असतात. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा मानेवर. दोन्ही लावावेत, एक लोंबता ठेवू नये. नाकावरची पत्र्याची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराची करावी. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडावा. नाकाजवळून डोळ्यांवर वारा आला, किंवा गालाजवळून हवा निसटली, तर मास्क नीट बसलेला नाही. पुन्हा बसवावा. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, आणि धूळ त्या फटीतून जाते. म्हणून मास्क घालणाऱ्याने दाढी करून यावे.

हा मास्क धुवायचा नाही. धुतला की त्याची शक्ती जाते. तो भिजला, फाटला, किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला की टाकून द्यावा. एकाचा मास्क दुसऱ्याने घालू नये. मास्क मजुराने पदरमोड करून आणावयाचा नसतो, तो मालकाने द्यावयाचा असतो.

तरीही मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. उन्हाळ्यात घाम येतो, जीव गुदमरतो, माणूस दर थोड्या वेळाने मास्क खाली ओढतो. त्या वेळी धूळ आत जातेच. मालक मास्क देऊन मोकळा झाला आणि फवारे बंद ठेवले, तर त्याने धूळ अडवण्याचे ओझे मजुराच्या नाकावर टाकले. आधी पाणी, मग झाकण, आणि त्यातूनही उरेल त्या धुळीसाठी मास्क, हा क्रम लक्षात ठेवावा.

१०. घरी जाताना, आणि दवाखान्यात

कामावरचे कपडे हवेच्या पाईपने झटकू नयेत. बसलेली धूळ पुन्हा उडते आणि थेट नाकात जाते. मशीनखालची कच कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे. हातपाय, तोंड धुऊन, कपडे बदलून घरी जावे. धुळीचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे भिजत घालावेत. लहान मुलांना क्रशरवर नेऊ नये. झोपडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला घालू नये.

खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त राहिला, चढताना धाप लागू लागली, वजन उतरू लागले, तर दवाखान्यात जावे. तेथे डॉक्टर विचारोत की न विचारोत, आपण होऊन सांगावे : "मी इतकी वर्षे खाणीवर काम केले. दगड अमुक होता. भोके कोरडी पाडीत होतो." हे सांगणे फार गरजेचे आहे. सिलिकोसिसची लक्षणे क्षयासारखीच दिसतात. काम न सांगितल्यामुळे नुसत्या क्षयाची औषधे चालू राहतात आणि मूळ रोग झाकलेला राहतो. उलट, सिलिकाने दुखावलेल्या फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो, म्हणून थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो दोन्ही करावे. फोटो आणि कागद जपून ठेवावेत. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवावयाचा रोग आहे, आणि भरपाई मागायची झाली तर हेच कागद कामी येतात. कोणत्या खाणीवर कोणत्या साली काम केले, तेही एका वहीत लिहून ठेवा. बिडी ओढत असाल तर ती सोडा. आधीच वण पडलेल्या फुप्फुसाला तिचा धूर सोसत नाही.

समजले का पाहा

१. मशीन बंद झाल्यावरही शेजारी बसून जेवू नये, ते का?
२. एका क्रशरवर दिवसाला ४० ब्रास माल निघतो. दगड भिजवायला किती लिटर पाणी लागेल? (उत्तर : ९०० लिटर)
३. जाळी बुजत असेल तर पाण्याच्या तोट्या कोठे हलवाव्यात?
४. पदराने बारीक धूळ का अडत नाही?
५. तुमच्या गावाजवळच्या क्रशरवर जाऊन दुरून पाहा. हॉपर, जबडा, जाळी आणि पट्टा यांपैकी काय झाकलेले आहे, कोठे फवारा चालू आहे, ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या.